गूळ दोन्ही बाजूंनी बिघडतो: एसव्हीएमचा बांध आणि कर्नल

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवरून १४० काहिलींची नोंद केली आहे: उतरवतानाचं तापमान, चुना घातल्यावरचा रसाचा पीएच आणि गूळ चांगला की बाद. ९० चांगले, ५० बाद. एसव्हीएम, म्हणजे नोंदींचे दोन गट वेगळे करणारं सपोर्ट व्हेक्टर मशीन, शिकतोय. मार्जिन म्हणजे दोन गटांमधला जास्तीत जास्त रुंद पट्टा हे कळलं, पण माझ्या डेटात सरळ रेघ बसतच नाही. `kernel="rbf"` घेऊन `gamma` वाढवत १००० वर नेला तर ट्रेनिंगला १०० टक्के आले आणि टेस्टला २८ पैकी फक्त १८ बरोबर. कर्नल नेमकं करतो काय, आणि माझं चुकतंय कुठं?

उत्तर:

आधी त्या १८ चं बघू, कारण रोग तिथंच दिसतोय. तुमच्या १४० मध्ये ९० चांगले, म्हणजे ६४ टक्के. २८ पैकी १८ म्हणजेही ६४ टक्केच. टेस्टमध्ये दोन्ही गट त्याच प्रमाणात वाटले असतील, तर माझी पैज आहे की तुमचं मॉडेल टेस्टमधल्या प्रत्येक काहिलीला डोळे मिटून ‘चांगला’ म्हणतंय. कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे खरा गट आणि मॉडेलचं उत्तर यांचा तक्ता, छापून बघा. ‘बाद’चा अख्खा स्तंभ रिकामा निघाला तर ते गुळाबद्दल काहीही शिकलेलं नाही, फक्त ११२ नोंदी पाठ केल्या आहेत. असं का होतं ते कळायला कर्नल कळायला हवा, आणि कर्नल कळायला मार्जिन थोडं अजून नीट.

तुम्ही गुऱ्हाळावर गेला आहात म्हणजे शेतातला बांध पाहिलाच असेल. दोन शेतांच्या मधे बांध घालायचा आहे आणि अट अशी की कुठल्याही बाजूचं एकही रोप मोडायचं नाही. मधे जागा असेल तर बांध हजार प्रकारे घालता येतो. एसव्हीएम त्यातला सगळ्यात रुंद बांध निवडतो आणि निर्णयाची रेघ त्याच्या बरोबर मधोमध ओढतो. आता बांध कुठे बसला हे ठरवलं कुणी? त्याच्या कडेला टेकलेल्या चार-दोन रोपांनी. शेताच्या मधलं पीक उपटून टाकलं तरी बांध तसूभर हलत नाही. ती कडेची रोपं म्हणजे सपोर्ट व्हेक्टर.

रुंदच का? मला पटलेलं कारण साधं आहे. तुमचा थर्मामीटर अर्ध्या अंशाने इकडेतिकडे दाखवत असणार, वाफ आणि मळीच्या फेसात तर नक्कीच. बांध रुंद असला की तेवढ्या चुकीने काहील या शेतातून त्या शेतात जात नाही.

तुमची खरी अडचण अशी की गूळ दोन्ही बाजूंनी बिघडतो. काहील लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, मऊ पडते, पाणी सुटतं. उशीर झाला तर गूळ जळतो, काळपट होतो. चांगला गूळ मधल्या पट्ट्यात आणि बाद गूळ दोन्हीकडे. एका बांधाने ‘मधलं’ आणि ‘दोन्हीकडचं’ वेगळं होत नाही. तुम्ही एका जागी घातलात की दुसऱ्या बाजूचा बाद माल चांगल्यात येतो. म्हणून तुमची रेघ बसत नाही. डेटा घाण आहे म्हणून नव्हे.

सध्या पीएच बाजूला ठेवू आणि फक्त तापमान घेऊ. सात काहिली घ्या. आकडे हिशोब सोपा जावा म्हणून मी बसवलेत. ११८ अंश ही काही कुणी आखून दिलेली रेघ नाही, ऊस, रस आणि गुळव्याचा हात यावर ती सरकते. ११४ आणि ११५ ला उतरवलेल्या बाद (मऊ), ११७, ११८, ११९ च्या चांगल्या, १२१ आणि १२२ च्या बाद (जळक्या). प्रत्येकातून ११८ वजा करा: उणे ४, उणे ३, मग उणे १, ०, १, आणि मग ३, ४. एका सुतळीवर हे सात मणी ओवले तर सुतळी एकदाच कापून मधले तीन वेगळे निघत नाहीत.

आता प्रत्येक मण्याला एक उंची द्या. उंची म्हणजे त्या आकड्याचा वर्ग. मधले तीन १, ०, १ वर राहतात. बाहेरचे १६, ९, ९, १६ वर चढतात. सुतळीची झोळी झाली, चांगला गूळ तळाशी आणि बाद गूळ दोन्ही काठांवर. आता आडवी सरळ रेघ बिनधास्त बसते. सगळ्यात रुंद बांध उंची १ पासून ९ पर्यंत, म्हणजे रुंदी ८, आणि मधली रेघ ५ वर. परत सुतळीवर या: उंची ५ म्हणजे मध्यापासून २.२४ अंश दूर. म्हणजे ११५.७६ ते १२०.२४ मधली काहील चांगली. वर एक सरळ रेघ होती, खाली उतरल्यावर तिचे दोन काप झाले. वाकडी सीमा म्हणतात ती हीच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. सुतळीवरच बघितलं तर १ आणि ३ चा मध्य २ येतो, पण आपली सीमा २.२४ वर पडली. कारण बांध रुंद केला तो उचललेल्या जागेत, तापमानाच्या अंशांत नाही. नोंदी कशा उचलायच्या ते कर्नल ठरवतो, म्हणून तो बदलला की ‘रुंद’ या शब्दाचं मापच बदलतं. म्हणून ‘आरबीएफने मोठं मार्जिन दिलं, लिनियरने छोटं’ अशी तुलना करू नका. फूटपट्टीच वेगळी आहे.

मग कर्नल कशासाठी? वर्गाचा एक कॉलम घातला की झालं की! खरंच, तापमान एकटंच असतं तर मी तसंच करा म्हटलं असतं. वाक कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल तर `(t - 118)**2` हा कॉलम घालून लिनियर एसव्हीएम लावणं हा कमीपणा नाही, उलट गुळव्याला समजावून सांगायला तेच सोपं. पण तुमच्याकडे पीएचही आहे. त्याचीही वर-खाली दोन टोकं आहेत, आणि चुना जास्त पडला की योग्य तापमानही थोडं सरकत असेल. ते पकडायला तापमान गुणिले पीएच असाही कॉलम हवा. दोन मूळ कॉलमांना हे निभतं. वीस कॉलम असले आणि तीनतीनचे गुणाकार हवे असले की वही पुरत नाही.

इथे एसव्हीएमच्या गणितातली एक सोय कामी येते. बांध शोधताना आणि नंतर नवीन काहिलीला उत्तर देताना, दोन्ही वेळी गणिताला नोंदींचे पत्ते लागत नाहीत; लागतो फक्त दोन नोंदींचा आपसातला डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोघी किती एका दिशेच्या आहेत तो एकच आकडा. मग उचललेल्या जागेत न जाता तो आकडा थेट काढता आला तर? येतो:

```
K(a, b) = (a*b + 1)^2
```

३ आणि उणे १ घ्या. गुणाकार उणे ३, अधिक १ केलं की उणे २, वर्ग ४. संपलं. आता हेच लांबच्या वाटेने करा. कंस सोडवला तर कळतं की हा कर्नल प्रत्येक x ला तीन आकड्यांत उचलतो: x चा वर्ग, x गुणिले √२, आणि १. म्हणजे ३ चे झाले ९, ४.२४ आणि १. उणे १ चे झाले १, उणे १.४१ आणि १. जोडीजोडीने गुणून बेरीज करा: ९ उणे ६ अधिक १, पुन्हा ४. उत्तर तेच, पण पहिल्या वाटेने आपण झोळीत पाय न ठेवता झोळीतला आकडा आणला. ‘ट्रिक’ म्हणतात ती एवढीच आहे. बोझर, गियाँ आणि वॅपनिक यांनी १९९२ मध्ये ती रुंद बांधाच्या कल्पनेला जोडली. थोड्या चुका चालवून घेणारं मऊ मार्जिन कोर्टेस आणि वॅपनिक यांच्या १९९५ च्या लेखातलं.

नवीन काहील १२० ला उतरली, म्हणजे आपल्या हिशोबात २. तिला उत्तर कसं मिळतं तेही बघा. कडेची रोपं चार: उणे १ आणि १ (चांगली), उणे ३ आणि ३ (बाद). सोडवल्यावर प्रत्येकीचं वजन १/६४ येतं आणि शेवटी मिळवायचा स्थिरांक १.२५. बाकीच्या तीन नोंदींचं वजन शून्य, त्या विसरून जा. २ चा कर्नल १ शी ९, उणे १ शी १, ३ शी ४९, उणे ३ शी २५. चांगल्यांची बेरीज १०, बादांची ७४, फरक उणे ६४, भागिले ६४ म्हणजे उणे १, अधिक १.२५. उत्तर ०.२५. धन आहे म्हणून चांगला. पण बांधाची कड १ वर असते आणि हे त्यापेक्षा कमी, म्हणजे ही काहील बांधावरच उभी आहे. प्रत्यक्षात अशा काहिलीला मी मॉडेलचं ऐकण्याआधी गुळव्याला विचारीन. तो पळीभर पाक गार पाण्यात सोडून गोळी वळून बघतो, त्याच्याकडे आपल्यापेक्षा एक मोजमाप जास्त आहे.

आता तुमचा आरबीएफ.

```
K(a, b) = exp(-gamma * d^2)
```

इथे `d` म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर. हा कर्नल ओळख मोजतो. अगदी सारख्या नोंदींना १, लांबच्यांना शून्याच्या जवळ. ओळख किती लांबपर्यंत धरायची ते `gamma` ठरवतो. `gamma` ०.५ असेल तर १ अंतरावरच्याची ओळख ०.६१, ३ अंतरावरच्याची ०.०१. तुम्ही १००० घेतला. म्हणजे फक्त ०.१ अंतरावर, तापमानात एका अंशाच्या दहाव्या भागावर असलेल्या काहिलीशी ओळख ०.००००४५. शेजारच्यालाही कुणी ओळखत नाही! प्रत्येक नोंद स्वतःभोवती टीचभर कुंपण घालून बसते. ट्रेनिंगला प्रत्येकीला स्वतःचं नाव माहीत, म्हणून १०० टक्के. टेस्टची काहील आली की तिला कुणीच ओळखत नाही, सगळी बेरीज शून्य, उरतो नुसता स्थिरांक. ज्या गटाच्या नोंदी जास्त त्याच्याकडे तो झुकतो, तुमच्याकडे ‘चांगला’. म्हणून १८.

याची खूण टेस्टच्या आधीच दिसते. `n_support_` छापा. ११२ पैकी जवळजवळ ११२ सपोर्ट व्हेक्टर निघाले तर शेतात पीक नाहीच, सगळी रोपं बांधावर. मी कुठल्याही मॉडेलचा हा आकडा अचूकतेआधी बघतो. किती असावेत याला पक्का नियम नाही. गटांची खरीच सरमिसळ असेल तर ते जास्तच येतात. पण सगळेच्या सगळे आणि वर ट्रेनिंग १०० टक्के, हे दोन्ही एकत्र दिसलं की `gamma` खाली आणायचा.

दुसरी चूक तुम्ही लिहिली नाही, पण असणार, कारण मीही ती केली आहे. कॉलम एका मापावर आणले का? एका फाउंड्रीच्या कामात माझ्याकडे ओतकामाचं तापमान आणि मोल्डच्या वाळूतला ओलावा असे दोन कॉलम होते. तिथेही गूळच: वाळू ओली झाली तर कास्टिंगला हवेची भोकं, कोरडी झाली तर मोल्डचे टवके. दोन्हीकडून बाद. मॉडेल ठीक चाललंय असं मला वाटत होतं. वाळूवरचे एक मामा मूठभर वाळू दाबून, ती मोडून म्हणाले, “तुमचा कॉम्प्युटर वाळूकडं बघतोय का तरी?” बघत नव्हता. तापमानात ४० अंशांचा फरक, ओलाव्यात ०.४ चा. वर्ग केले की १६०० आणि ०.१६. अंतराच्या बेरजेत ओलावा दहा हजार पटींनी बुडाला होता. तुमच्याकडे तापमानाचा ४ चा फरक आणि पीएचचा ०.४ चा, वर्गांत शंभर पट. तुमचं मॉडेल पीएच जवळजवळ बघतच नसेल.

म्हणून सुरुवात इथून करा:

```python
from sklearn.pipeline import make_pipeline
from sklearn.preprocessing import StandardScaler
from sklearn.svm import SVC

m = make_pipeline(StandardScaler(),
                  SVC(kernel="rbf", C=1, gamma="scale"))
m.fit(X_train, y_train)
print(m[-1].n_support_, m.score(X_test, y_test))
```

माप एकसारखं केल्यावर दोन कॉलमांसाठी `gamma="scale"` म्हणजे ०.५ पडतो. तिथून ०.०१ ते १० पर्यंत दहापटीच्या पायऱ्यांनी क्रॉस व्हॅलिडेशन करा, आणि सोबत `C` ही ०.१ ते १००. `C` म्हणजे बांधावर आलेल्या रोपाचा दंड. तुमच्या नोंदींत ११८ ला उतरवूनही बाद झालेल्या काही काहिली असतीलच, ऊस खराब असेल किंवा कुणी चुकीचं लिहिलं असेल. `C` मोठा ठेवला तर सीमा त्या एकेका काहिलीसाठी वळसे घेत बसते. लहान ठेवला तर तेवढं नुकसान सोसून बांध सरळ राहतो. कुठला बरोबर हे तुमच्या नोंदी किती स्वच्छ यावर आहे, इथे बसून मी सांगू शकत नाही. आणि एकाच दिवशी एकाच गुऱ्हाळावरच्या काहिली ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीत वाटल्या गेल्या असतील तर `GroupKFold` ने गुऱ्हाळानुसार वेगळ्या करा, नाहीतर आकडा फुगलेला येईल.

`kernel="poly"` करून बघणार असाल तर एक खड्डा आहे. तिथे न सांगता `degree=3` आणि `coef0=0` असतं. माप एकसारखं केल्यावर तुमचा चांगला गूळ शून्याच्या आसपास बसतो आणि बाद दोन्हीकडे. नुसत्या घनाची चाल अशी की एका बाजूला वर गेला तर दुसऱ्या बाजूला खाली जाणारच. दोन्ही काठ एकदम वर उचलणं त्याला जमतच नाही. मग माणूस म्हणतो, पॉलीनॉमियलचा काही उपयोग नाही. `degree=2, gamma=1, coef0=1` द्या, वरचाच कर्नल मिळतो.

तुमच्या डेटावर शेवटी आरबीएफ जिंकेल की हा साधा दोन घाताचा, मला माहीत नाही. १४० नोंदी आणि मधला एकच पट्टा, त्यामुळे दोघांत फार फरक नसावा. तसं झालं तर मी दोन घाताचा घेईन, आणि त्याचं कारण नोंदींच्या बाहेर काय होतं यात आहे. काहील विसरली आणि १३० वर गेली असं धरा. आपल्या वरच्या हिशोबात ती १२ दूर, १.२५ मधून १४४ चा चौथा भाग गेला, उत्तर उणे ३४.७५. मॉडेल ठणकावून ‘बाद’ म्हणतं. आरबीएफला मात्र तिथे ओळखीचं कुणीच भेटत नाही, तो परत स्थिरांकावर येतो, आणि स्थिरांक धन असेल तर पार कोळसा झालेल्या काहिलीला ‘चांगला’ म्हणून मोकळा होतो. आरबीएफच वापरायचा झाला तर तुमच्या नोंदींतलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान कोडमध्ये लिहून ठेवा, आणि त्याबाहेरच्या काहिलीला मॉडेलपर्यंत पोहोचूच देऊ नका.

माप सारखं करून पुन्हा चालवा आणि `n_support_` चे दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.